गोळी घेतली, पण वजन ८२ किलो आहे…

पत्र: डॉक्टर, माझं वय २९, वजन ८२ किलो, उंची १६० सेंटीमीटर. १४ तारखेला रात्री साधारण अकराला संबंधांच्या वेळी कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली. उलटी वगैरे काही झाली नाही. नंतर वाचनात आलं की ७० किलोंच्या वर ही गोळी चालतच नाही, आणि तेव्हापासून झोप नाही. आज १६ तारीख, दुपारचे चार वाजलेत. पाळी ३ तारखेला आली होती. एरवी २७ ते ३० दिवसांनी येते. आणखी एक गोळी घेऊ का? की दुसरी, पाच दिवस चालते म्हणतात ती घेऊ? मूल झालेलं नाही, म्हणून तांबीचा विचार केला नव्हता.

उत्तर: तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: दुसरी कुठलीही गोळी घेऊ नका, उद्या-परवाच्या आत तांबी बसवून घ्या. तुम्ही १८ तारखेला बसवूनही घेतलीत. मी असं का सांगितलं, ते आता तुमच्या परवानगीने सविस्तर लिहिते आहे, कारण याच धास्तीची पत्रं मला सतत येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा वेळ चुकीच्या प्रश्नात जातो.

तुमची सगळी भीती वजनाच्या आकड्यावर अडकली होती. वजनाचा परिणाम होतो, ते खरं आहे. पण तुमच्या पत्रातला जास्त काळजीचा आकडा वेगळाच होता: ३ तारीख आणि २७ दिवस. त्यापासूनच सुरुवात करते.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. तिचं काम एवढंच आहे. बीज अंडाशयात एका पाणीदार पिशवीत वाढतं. ती पिशवी पुरेशी मोठी झाली की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन झपाट्याने वाढू लागतं आणि ही वाढ सुरू झाल्यापासून साधारण दीड दिवसात पिशवी फुटून बीज बाहेर येतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल ही वाढ सुरूच होऊ देत नाही. दरम्यान पुरुषबीजं आतमध्ये वाट पाहत राहतात, जास्तीत जास्त पाचेक दिवस जगतात आणि मरतात. पण एलएच वाढायला एकदा लागलं, की मग ही गोळी घेणं आणि न घेणं यात फारसा फरक उरत नाही. रुजलेला गर्भ ती पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. बीज बाहेर पडून गेलं असेल, तर तिला करण्यासारखं काही शिल्लकच नसतं.

आता तुमचं कॅलेंडर मांडू. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते. तुमची पाळी ३० दिवसांनी येणार असेल, तर बीज सोळाव्या दिवशी, म्हणजे १८ तारखेला बाहेर पडायचं. तसं असेल तर १५ तारखेच्या दुपारी घेतलेली गोळी वेळेत होती. पण हाच महिना २७ दिवसांचा निघाला तर? मग बीज तेराव्या दिवशी, म्हणजे नेमकं १५ तारखेला बाहेर पडणार. एलएचची वाढ त्याच्या दीड दिवस आधी, म्हणजे संबंध येण्याच्या आधीच सुरू झालेली असणार. अशा वेळी वजन ५० किलो असतं तरी ती गोळी उशिराच ठरली असती. १४ तासांत गोळी घेतलीत म्हणजे तुमच्याकडून हयगय झालेली नाही. फक्त त्या दिवशी शरीर महिन्याच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर होतं, ते तुम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता.

म्हणूनच ‘७२ तासांच्या आत’ हे वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलसाठी ही मर्यादा छापलेली असते. त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ७२ तास उलटेपर्यंत गोळी पूर्ण चालते आणि नंतर बंद पडते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. प्रत्येक तासागणिक एलएच वाढायला लागण्याची शक्यता वाढत जाते, म्हणून लवकर घेतलेली गोळी बरी. तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहण्याची ती सवलत नाही.

आता वजन. ‘७० किलो’ हा आकडा आला कुठून? २०११ मध्ये एडिंबरोच्या डॉ. ॲना ग्लेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतलेल्या बायकांपैकी ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ च्या खाली होता, त्यांच्यात शंभरात साधारण एकीला दिवस गेले. बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात जवळपास सहा होतं, आणि काहीही न घेता जेवढ्या जणींना दिवस जातील असा अंदाज होता, तेवढंच हे जवळजवळ भरतं. त्या आकड्यांवरून आलेख काढला, तेव्हा ७० किलोंच्या आसपास, किंवा बीएमआय २६ च्या आसपास, गोळीचा उपयोग दिसेनासा होत होता. दुसऱ्या गोळीसाठी, म्हणजे युलिप्रिस्टलसाठी, तीच रेषा ८८ किलो किंवा बीएमआय ३५ च्या जवळ गेली.

आलेखावरची ही रेषा म्हणजे शरीरातली भिंत नव्हे. ६९ किलोला गोळी चालली आणि ७१ ला बंद पडली, असं कुठल्याही शरीरात घडत नाही. शिवाय त्या चाचण्यांत जास्त वजनाच्या बायका थोड्याच होत्या आणि त्यांच्यातली गर्भधारणेची संख्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. २०१३ मध्ये युरोपात एका कंपनीने आपल्या पाकिटावरच्या माहितीत लिहिलं, की ७५ किलोंपासून परिणाम कमी होतो आणि ८० किलोंच्या वर गोळी चालत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने मग सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष दिला: इतकं ठाम विधान करण्याइतका पुरावा नाही, वजन कितीही असलं तरी गोळी घ्यावी. ते वाक्य पाकिटातून निघालं, पण बायकांच्या मनातून काही निघालं नाही.

त्या मधल्या महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ९० किलो वजनाची एक मुलगी संबंधांनंतर दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, तुझ्या वजनाला ही गोळी चालणार नाही, तू तांबीच बसव. गोळी दिली नाही. तांबी बसवून मिळायला तिला चार दिवस थांबावं लागणार होतं, ती घाबरली आणि गेलीच नाही. म्हणजे तिला दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही. पुढे तिला दिवस राहिले. गोळी देऊन ते टळलं असतं की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तिच्या हाती असलेली एक संधी मी काढून घेतली होती. तेव्हापासून माझा नियम आहे: तांबीची तारीख मिळेपर्यंत गोळी आजच घ्यायची, वजन काहीही असो. तुम्ही गोळी घेतलीत ते बरोबरच केलंत.

वजनामुळे नेमकं होतं काय, याचाही शोध लागला आहे. बीएमआय ३० च्या वर असलेल्या बायकांना हीच १.५ मिलिग्रॅमची गोळी देऊन रक्त तपासलं, तर औषधाची सर्वांत वरची पातळी सडपातळ बायकांच्या जवळपास निम्मी भरली. दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम दिल्यावर ती बरोबरीला आली. यावरून कुणीही म्हणेल, मग दोन गोळ्या घ्याव्यात. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तसा सल्लाही दिला: वजन ७० किलोंच्या वर किंवा बीएमआय २६ च्या वर असेल आणि युलिप्रिस्टल घेता येत नसेल, तर लेव्होनॉरजेस्ट्रेल दुप्पट घ्यावी. पण २०२२ मध्ये अमेरिकेत ही गोष्ट प्रत्यक्ष तपासली गेली. ८० किलो किंवा जास्त वजन आणि बीएमआय ३० च्या वर असलेल्या बायकांना बीजाची पिशवी १५ मिलिमीटरची झाल्यावर एक किंवा दोन गोळ्या दिल्या आणि पिशवी कधी फुटते ते सोनोग्राफीवर पाहिलं. एक गोळी घेतलेल्या ३५ जणींपैकी १८ जणींमध्ये पिशवी पुढचे पाच दिवस फुटली नाही, दोन गोळ्या घेतलेल्या ३५ पैकी २४ जणींमध्ये. दुप्पट मात्रेचं पारडं थोडं जड दिसतं, पण एवढ्या लहान गटांत असा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे संशोधकांनी दुप्पट मात्रा सरस ठरवली नाही. माझं मत विचाराल तर, दुसरं काहीच हाताशी नसेल तर सुरुवातीलाच दोन गोळ्या एकत्र घेण्याला माझा विरोध नाही, त्याने अपाय होत नाही. पण त्यावर निश्चिंत राहू नये. आणि तुम्ही विचारलंत तशी २७ तासांनी दुसरी गोळी घेण्यात तर अर्थच नव्हता. पहिलीने जे साधायचं ते एक तर साधून झालं होतं, नाही तर वेळ टळून गेली होती.

‘पाच दिवस चालते ती’ म्हणजे युलिप्रिस्टल ॲसिटेट, ३० मिलिग्रॅमची एक गोळी. ही संबंधांनंतर १२० तासांपर्यंत घेता येते. तिचं खरं बळ असं, की एलएच वाढायला लागल्यानंतरही, ते शिखरावर पोचेपर्यंत, ती पिशवी फुटणं लांबवू शकते. सोनोग्राफीने केलेल्या अभ्यासांत त्या मधल्या टप्प्यात तिने दहापैकी जवळपास आठ वेळा बीज रोखून धरलं. लेव्होनॉरजेस्ट्रेल त्याच टप्प्यात साध्या नकली गोळीपेक्षा फारशी सरस ठरली नाही. तुमच्या तारखा पाहता १५ तारखेच्या दुपारी तुमच्यासाठी याच गोळीची निवड अधिक योग्य ठरली असती, आणि वजनाचा तडाखाही तिला लेव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा कमी बसतो. अर्थात तुमचा बीएमआय ३२ आहे, आणि ३० च्या पुढे हिचाही परिणाम थोडा कमी होऊ शकतो.

मग १६ तारखेला मी ती का नको म्हटलं? कारण या दोन गोळ्या एकीवर एक घ्यायच्या नसतात. शरीरात प्रोजेस्टेरॉन ज्या जागी चिकटून आपलं काम करतं, त्याच जागा युलिप्रिस्टलला हव्या असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल हा प्रोजेस्टेरॉनचाच भाऊबंद. तुम्ही तो आदल्या दिवशी घेतलेला असल्याने युलिप्रिस्टलचा परिणाम बोथट होण्याची शक्यता होती. आधीच्या सात दिवसांत असं हार्मोन घेतलेलं असेल तर युलिप्रिस्टलवर विसंबू नये, असं मार्गदर्शन आहे. उलट बाजूनेही तेच: युलिप्रिस्टल घेतल्यावर नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायला पाच दिवस थांबायचं, नाही तर त्या तिचं काम मोडून काढतात. लेव्होनॉरजेस्ट्रेलनंतर मात्र लगेच सुरू केल्या तरी चालतात.

राहिली तांबी. तिच्यापुढे तुमचे दोन्ही आकडे निष्प्रभ होतात, म्हणूनच मी तिच्यावर अडून बसले. तांब्यातून सुटणारे कण पुरुषबीजांना आणि स्त्रीबीजाला निकामी करतात. त्यामुळे बीज बाहेर पडलं आहे की नाही, यावर तिचं काम अवलंबून नाही. तांबं गर्भाशयात जागच्या जागी काम करतं, रक्तातून कुठे पोचायचं नसतं, म्हणून ८२ किलो असोत की १२२, फरक पडत नाही. तातडीचा उपाय म्हणून बसवलेल्या सात हजारांहून अधिक तांब्यांचा हिशेब २०१२ मध्ये एकत्र मांडला गेला, तेव्हा हजारात साधारण एकीलाच दिवस गेल्याचं दिसलं.

वेळेची मर्यादाही लोक समजतात त्यापेक्षा थोडी सैल आहे. संबंधांनंतर पाच दिवस हा एक हिशेब. तुमच्या बाबतीत तो १९ तारखेच्या रात्री अकरापर्यंत जातो. दुसरा हिशेब, बीज लवकरात लवकर ज्या दिवशी बाहेर पडू शकतं त्या दिवसापासून पाच दिवस. तुमची सर्वांत लहान पाळी २७ दिवसांची, म्हणजे लवकरात लवकर १५ तारीख, आणि त्यापुढे पाच दिवस म्हणजे २० तारीख. या दोन्हींपैकी जी तारीख उशिराची, तिथपर्यंत तांबी बसवता येते, कारण फळलेलं बीज तोवर गर्भाशयात रुजलेलं नसतं. हा दुसरा हिशेब करताना नेहमी आपली सर्वांत लहान पाळी धरावी, सरासरी नव्हे. आणि पाळी बेभरवशाची असेल तर तो करूच नये, पहिल्या पाच दिवसांनाच धरून राहावं.

मूल झालेलं नाही म्हणून तांबी चालत नाही, हा समज जुना आहे. चालते. बसवताना तुम्हाला कळ थोडी जास्त येऊ शकते, म्हणून तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायला मी सांगितलं होतं. ती बसवण्यापूर्वी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: आधीपासूनच दिवस गेलेले नाहीत ना, ओटीपोटात जंतुसंसर्ग नाही ना, आणि गाठींमुळे गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी झालेली नाही ना. संसर्गाची लक्षणं नसतील तर तपासणीचा नमुना त्याच वेळी घेऊन तांबी बसवता येते, अहवालासाठी थांबून दिवस घालवायची गरज नसते. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाईल, पोटातही दुखेल. नको वाटली तर पुढच्या पाळीनंतर काढता येते, ठेवायची असेल तर ३८० मापाची तांबी दहा वर्षं चालते. ज्यांना आधीच पाळीत फार रक्त जातं त्यांच्यासाठी ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनवाली तांबी हाही पर्याय पुढे आला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संबंधांनंतर पाच दिवसांत ती बसवलेल्या ३१७ जणींपैकी एकीला दिवस गेले, साध्या तांबीच्या ३२१ जणींत एकीलाही नाही. मात्र तातडीच्या कामासाठी ती सगळेच डॉक्टर अजून बसवत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

तुमच्या पत्रात औषधांचा उल्लेख नव्हता, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणी क्षयासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन घेत असतील, तर त्यांच्या यकृतात या दोन्ही गोळ्या लवकर मोडीत निघतात, वजन कमी असलं तरी. त्यांनी पहिल्यापासून तांबीच मागावी. आणि गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी लागते.

जिला फक्त गोळीच मिळाली, तिने एक लक्षात ठेवायचं: बीज थांबलेलं नाही, लांबलेलं आहे. गोळीनंतर चार दिवसांनी पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर तो नेमका त्या लांबलेल्या बीजाच्या वाटेवर येऊ शकतो. तुम्हाला आता ती चिंता नाही, तांबी बसल्या क्षणापासून पुढचंही सांभाळते.

तुमची पाळी या वेळी पाच-सहा दिवस मागेपुढे झाली तरी घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. पाळी आली तरी आणि नाही आली तरी, संबंधांना तीन आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास, लघवीची तपासणी घरच्या घरी करा. त्याच्या आधी केलीत तर ‘नाही’ आलेल्या उत्तराला अर्थ नाही. ओटीपोटात एका बाजूला सतत दुखायला लागलं, चक्कर आली, ताप येऊन अंगावरून दुर्गंधीयुक्त जाऊ लागलं, किंवा तांबीचा दोरा बोटाला लागेनासा झाला, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तपासणीचं उत्तर काय आलं ते मला कळवा.